भाचा, मामाची स्कूटर आणि ‘सावकाश जा’: अल्पवयीन चालकाच्या अपघातात कोण किती अडकतो

हे प्रकरण रचलेले आहे. माणसे कल्पित आहेत; कलमे आणि न्यायालयांचे निकाल मात्र खरे. मुद्दाम अशी मांडणी घेतली आहे की गाडीचा मालक वेगळा आणि मुलाचा पालक वेगळा. बापाचीच गाडी असेल तर कायदा सरळ चालतो. इंदूरच्या मराठी घरांत मात्र खाली मामा, वर बहीण-भाऊजी, आणि दाराजवळच्या खुंटीवर सगळ्यांच्या गाड्यांच्या किल्ल्या, हे चित्र सर्रास दिसते. खरी गुंतागुंत तिथे सुरू होते.

घटना

सुदामा नगरातले दुमजली घर. मुलगा १६ वर्षे ७ महिन्यांचा, अकरावीत, संध्याकाळी भंवरकुआंला कोचिंग. वडील पीथमपूरला नोकरीला, सकाळी सातला निघतात. स्कूटर १०९ सीसीची, नोंदणी मामाच्या नावावर, थर्ड पार्टी विमा चालू. मामा दुकानात होते. मुलाने व्हॉट्सॲपवर लिहिले, “मामा, गाडी नेतोय, क्लासला उशीर होतोय.” मामांनी उत्तर दिले, “सावकाश जा.”

अन्नपूर्णा रोडवर पुढच्या रिक्षाला डावीकडून ओलांडताना स्कूटर एका सायकलस्वारावर गेली. सायकलस्वार ३८ वर्षांचा, घरगुती वायरिंगची कामे करणारा. डाव्या पायाच्या नडगीची दोन्ही हाडे मोडली. मुलाला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. लोकांनी जखमीला एमवाय रुग्णालयात नेले, तिथून नातेवाइकांनी खाजगी रुग्णालयात हलवून शस्त्रक्रिया करून घेतली. एका दुकानाच्या कॅमेऱ्यात सगळे आले होते.

पहिल्या तासाभरात घरात एक सूचना आली: गाडी मामा चालवत होते असे सांगू, मामांकडे लायसन्स आहेच. ती सूचना अमलात आली नाही हे सगळ्यांच्या नशिबाचे. गुन्हेगाराला वाचवण्यासाठी खोटी माहिती देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि चालक बदलल्याचे कॅमेऱ्याने उघड केले की विमा कंपनीला हवे ते सगळे हातात मिळते. त्यानंतर मालकाच्या कुठल्याच म्हणण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चालकाने जखमीला उपचार मिळवून द्यायचे, शक्य तितक्या लवकर आणि फार तर २४ तासांत पोलिसांना कळवायचे, आणि विमा कंपनीला लेखी माहिती द्यायची. इथे वडिलांनी मुलाला घेऊन थान्यात जाणे आणि मामांनी त्याच आठवड्यात कंपनीला लिहिणे एवढे नीट झाले.

थान्यात काय होते

मुलाचा विषय बाल न्याय कायद्याखाली जातो. वय ठरवताना कलम ९४ चा क्रम पाळतात: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. आधार कार्ड या क्रमात नाही. वय मोजायचे ते अपघाताच्या दिवशीचे. खटला चालू असताना मुलगा अठरा वर्षांचा झाला तरी त्याने काही बदलत नाही.

सायकलस्वाराला झालेली इजा ‘गंभीर’ आहे, म्हणून न्याय संहितेचे कलम १२५(ब), कमाल शिक्षा तीन वर्षे. सोबत बेदरकार चालवण्याचे कलम २८१. कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत असल्यामुळे बाल न्याय कायद्याच्या भाषेत हा ‘किरकोळ’ गुन्हा ठरतो. पाय मोडलेल्या माणसाला हा शब्द बोचतो, पण वर्गवारी तशीच आहे. अशा गुन्ह्यात २०१६ च्या आदर्श नियमांतल्या नियम ८ प्रमाणे मुलावर एफआयआर होत नाही. रोजनाम्यात नोंद होते, मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल जोडून ती बाल न्याय मंडळाकडे जाते. मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. मंडळ समुपदेशन, समाजसेवा सांगू शकते, आणि कलम १८ खाली मुलाला किंवा त्याच्या पालकांना दंड भरायला लावू शकते. चौकशी चार महिन्यांत संपायला हवी. दोन महिन्यांची मुदतवाढ मिळते. किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यातही ती संपली नाही तर प्रकरण बंद होते.

सायकलस्वाराचा जीव गेला असता तर न्याय संहितेचे कलम १०६(१) लागले असते, कमाल पाच वर्षे. तो ‘गंभीर’ वर्गातला गुन्हा, ‘जघन्य’ नव्हे. शिल्पा मित्तल प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की किमान सात वर्षांची शिक्षा सांगितलेला गुन्हाच जघन्य. तो खटलाही दिल्लीत एका अल्पवयीनाने चालवलेल्या गाडीखाली झालेल्या मृत्यूचाच होता. मुलाला प्रौढ म्हणून खटल्याला उभे करण्याची मागणी अशा अपघातांत वारंवार होते आणि बहुतेक वेळा याच दगडाला ठेचकाळते.

एफआयआर झाला तो मोठ्यांवर, मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली.

कलम १९९अ नेमके काय करते

२०१९ च्या दुरुस्तीने हे कलम आले आणि १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाले. अल्पवयीनाने *या कायद्याखालचा* गुन्हा केला तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जाईल, असे ते सांगते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत शिकाऊ वा पक्के लायसन्स नाही. आपल्या मुलाच्या बाबतीत म्हणजे सव्वाआठ वर्षांहून जास्त काळ.

यातल्या ‘या कायद्याखालचा’ या दोन शब्दांवरून बरेच वाद निकाली निघतात. अठरा वर्षांखाली सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवणे हाच मोटार वाहन कायद्याच्या कलम ४ चा भंग आहे, शिक्षा कलम १८१ मध्ये. म्हणजे १९९अ लागायला अपघात व्हावाच लागत नाही. चौकात मुलगा पकडला गेला तरी ते लागू होते. उलट बाजूही तितकीच पक्की: १२५(ब) किंवा १०६ हे न्याय संहितेचे गुन्हे आहेत, मोटार वाहन कायद्याचे नव्हेत. मुलाच्या हातून पाय मोडला म्हणून मामा किंवा वडील १९९अ च्या जोरावर आपोआप त्या इजेचे गुन्हेगार होत नाहीत. त्यांच्यावर ती कलमे लावायची तर त्यांची स्वतःची वेगळी कृती दाखवावी लागते. तक्रारीत घाईने सगळी कलमे सगळ्यांवर लावलेली असतील तर वकिलाने पहिला आक्षेप इथे घ्यायचा.

चौकातल्या चालानशीही याची गल्लत होते. विनापरवाना व्यक्तीला गाडी देण्याचे कलम १८० (५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही) आणि चालवणाऱ्याचे १८१, ही कलम २०० खाली तडजोडीने मिटवता येतात. १९९अ त्या यादीत नाही. ‘पाच हजार भरले, पावती आहे, विषय संपला’ हे म्हणणे न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालत नाही. जखमीच्या कुटुंबाशी समझोता झाला तरी १९९अ त्याने मिटत नाही, कारण इथे फिर्यादी सरकार आहे. कैद तीन वर्षांपर्यंत जाऊ शकत असल्याने नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र रकान्यात पडतो. तरी सात वर्षांखालच्या गुन्ह्यांत सहसा थेट अटक न करता कलम ३५(३) ची नोटीस येते. नोटिशीप्रमाणे हजर राहिले नाही तर मात्र अटकेचे कारण आपणच तयार करून देतो.

बचाव: माहीत नव्हते, किंवा पुरेशी काळजी घेतली होती

कलमात बचाव दिला आहे. मुलाने गाडी नेल्याचे आपल्याला माहीत नव्हते, किंवा तसे होऊ नये म्हणून आपण सर्व वाजवी काळजी घेतली होती, हे पालकाने अथवा मालकाने *सिद्ध केले* तर शिक्षा नाही. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की गाडी पालकाच्या वा मालकाच्या संमतीनेच वापरली असे न्यायालय गृहीत धरील. नेहमीच्या फौजदारी खटल्यात सरकारला जे सिद्ध करावे लागते, ते इथे उलटे होऊन घरच्यांच्या अंगावर येते.

मामांची बाजू ऐकली तर सहानुभूती वाटते. ते म्हणतात, मी दुकानात होतो, संदेश आला तेव्हा गाडी निघून गेली होती, मी काय करणार? पण ‘सावकाश जा’ हे दोन शब्द त्यांच्या फोनमध्ये वेळेसह आहेत, अपघाताच्या अकरा मिनिटे आधीचे. ‘नको नेऊ, रिक्षाने जा’ असे लिहिले असते तर माहिती होती पण अडवण्याचा प्रयत्न केला, असे तरी म्हणता आले असते. आता माहिती नव्हती हा बचाव गेला, आणि काळजीचा बचावही जवळजवळ गेला. फोनमधून संदेश पुसून टाकण्याचा मोह होतो. पण तो मुलाच्या फोनमध्येही असतो, आणि पुरावा नाहीसा करणे हाही वर सांगितलेल्या कलम २३८ चाच विषय.

वडिलांकडे तर संदेशही नव्हता, दिवसभर ते पीथमपूरला. त्यांना वाटले आपण सुटलो. तपासात कोचिंगच्या प्रवेश अर्जाची प्रत आली. त्यात ‘विद्यार्थ्याचे वाहन’ या रकान्यात स्कूटरचा एमपी ०९ ने सुरू होणारा क्रमांक वडिलांच्या अक्षरात, खाली त्यांची सही. पार्किंगचा पास त्यावरून मिळालेला. त्या एका दिवशी गाडी नेल्याचे माहीत नसेल, पण मुलगा रोज गाडीने जातो हे माहीत होते.

असे पुरावे कुठे दडलेले असतात ते अनुभवी तपास अधिकाऱ्याला पाठ असते: मुलाच्या मापाचे हेल्मेट घेतल्याची पावती, पेट्रोल पंपावर मुलाच्या फोनवरून केलेले ऑनलाइन पैसे, सोसायटीच्या फाटकाचे चित्रीकरण, शेजाऱ्यांचे जबाब, आणि दुसरी किल्ली कुणाकडे होती. दुसरी किल्ली मुलाच्या दप्तराच्या कप्प्यातून निघाली तर पुढे फारसे विचारावे लागत नाही. टिकणारा बचाव कसा दिसतो तेही यावरून कळते. किल्ली कुलपात होती, ते कुलूप तोडले. आधी कधीच गाडी नेली नव्हती. गाडी गेल्याचे कळताच फोन केले, थान्यात कळवले. ‘मी त्याला शंभरदा बजावले होते’ एवढ्या तोंडी सांगण्यावर काळजी सिद्ध होत नाही.

कलमात ‘पालक किंवा मालक’ आहे. दोघांची नावे तपासात आली तरी दोघांचा बचाव वेगळा आहे, आणि इथे एक नाजूक गोष्ट घडते: मामांना वाचवायचे तर किल्ली बहिणीच्या घरातून गेली म्हणावे लागते, वडिलांना वाचवायचे तर मामांनी परवानगी दिली म्हणावे लागते. दोघांनी एकच वकील घेतला तर त्याला एकाचा बळी द्यावाच लागतो. घरातले नाते टिकवायचे असेल तर दोन वकील करावेत. हे विचित्र वाटेल, पण एकाच वकिलाने कुणाची बाजू सोडली यावरून झालेली भांडणे अधिक काळ टिकतात.

आणखी एक अपवाद. मुलाकडे शिकाऊ किंवा पक्के लायसन्स असेल, आणि तो त्याच वर्गाची गाडी चालवत असेल, तर पालक-मालकाची शिक्षा लागू होत नाही. सोळा वर्षांनंतर पालकाच्या लेखी संमतीने फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचे लायसन्स मिळते. १०९ सीसीच्या स्कूटरला त्याचा उपयोग शून्य. मुलासाठी काही घ्यायचेच तर २५० वॅटखालची आणि ताशी २५ किलोमीटरखाली धावणारी बॅटरीची स्कूटर, वजनाची मर्यादाही सांभाळून, कायद्याच्या दृष्टीने ‘मोटार वाहन’ ठरत नाही. वेगाचा लगाम मेकॅनिककडून काढून घेतला की ती सवलत संपते आणि हेच सगळे कलम मागे लागते.

पैशाचा दावा: इथे ‘माहीत नव्हते’ फारसे कामी येत नाही

फौजदारी खटल्याची धास्ती मोठी, पण घर हलवतो तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातला अर्ज. मुदत अपघातापासून सहा महिने, कलम १६६(३) प्रमाणे. अर्जदार सायकलस्वार; सामनेवाले तीन: मुलगा (पालकामार्फत), मामा आणि विमा कंपनी.

वडील इथे फक्त मुलाच्या वतीने उभे असतात. केवळ बाप आहे म्हणून मुलाच्या निष्काळजीपणाची भरपाई बापाच्या मिळकतीतून वसूल करण्याचा सरसकट नियम आपल्याकडे नाही. जबाबदारी जाते चालकाकडे आणि मालकाकडे, आणि ‘मालक’ म्हणजे कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (२०१८) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे इतके ताणून धरले की गाडी विकून टाकली, ताबा दिला, पण नोंदणीपत्रावर नाव तसेच राहिले, तरी जबाबदार नोंदणीकृत मालकच. जुनी स्कूटर भाच्याला ‘देऊन टाकली’ असे म्हणणाऱ्या मामा-काकांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

लायसन्स नसणे म्हणजे आपोआप निष्काळजीपणा नव्हे. सुधीर कुमार राणा प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने तसे सांगितले आहे. म्हणून अर्जदाराला मुलाची चूक वेगळी दाखवावी लागते: डावीकडून ओलांडणे, वेग, पंचनामा, नकाशा, गाडीची यांत्रिक तपासणी. इथे कॅमेऱ्याने ते काम सोपे केले.

रक्कम कशी निघते ते पाहू. महिना १५,००० रुपये कमाई मान्य झाली. चाळिशीच्या आतला, स्वतःचा धंदा, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवून २१,०००, वर्षाचे २,५२,०००. डॉक्टरांनी पायाचे अपंगत्व ३० टक्के लिहिले, पण न्यायाधिकरण तो आकडा जसाच्या तसा घेत नाही. राज कुमार विरुद्ध अजय कुमार (२०११) प्रमाणे प्रश्न असा की कमावण्याच्या क्षमतेत किती घट झाली. शिडी चढता येत नाही, पण बसून दुरुस्तीची कामे होतात; १५ टक्के धरले. वर्षाचे नुकसान ३७,८००. वय ३८, त्या वयाला ठरलेला गुणक १५. म्हणजे ५,६७,०००. त्यात दवाखान्याची बिले १,४०,०००, पाच महिन्यांची बुडालेली कमाई ७५,०००, सोबतीचा माणूस, आहार, प्रवास ४०,०००, वेदनेबद्दल ७५,००० आणि जगण्यातल्या सुखाला मुकल्याबद्दल ५०,०००. एकूण ९,४७,०००. अर्जाच्या तारखेपासून ७ टक्के सरळ व्याज; दोन वर्षे लागली तर १,३२,५८०. देणे १०,७९,५८० रुपये.

विमा आहे ना?

आहे, आणि जखमीला त्याचा फायदा होतो. मामांना होत नाही.

चालकाकडे लायसन्स नसणे हा विमा कंपनीचा कलम १५०(२) खालचा बचाव आहे. पण स्वर्ण सिंग प्रकरणात (२००४) तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की लायसन्स नव्हते एवढे दाखवून कंपनी सुटत नाही. विमाधारकाने स्वतः अट मोडली, वाजवी काळजी घेतली नाही, हे कंपनीने सिद्ध करायचे. सिद्ध झाले तरी बाहेरच्या माणसाला आधी पैसे कंपनी देते आणि मग मालकाकडून वसूल करते. वकिलांच्या बोलीत ‘पे अँड रिकव्हर’.

आपल्या प्रकरणाशी सर्वांत जवळचा निकाल जवाहर सिंग विरुद्ध बाला जैन (२०११). तिथेही अल्पवयीन मुलगा, तिथेही नातेवाइकाची मोटरसायकल, आणि मालकाचे म्हणणे की मुलाने आपल्या नकळत घरातून किल्ली नेली. सर्वोच्च न्यायालयाने मालकाची याचिका फेटाळली: गाडीचा गैरवापर होऊ नये हे पाहणे मालकाचे काम होते. कंपनीचा वसुलीचा हक्क कायम राहिला. ‘सावकाश जा’ नसते तरी मामांची वाट इथे अरुंदच होती. म्हणून फौजदारी न्यायालयात ‘माहीत नव्हते’ यावर सुटलेला मालक दाव्यात सुटेलच असे समजू नये. किल्ली खुंटीवर मोकळी होती, ही एकच गोष्ट दोन्हीकडे वेगळ्या वजनाने तोलली जाते.

मालक हमखास चुकतो ती जागा पुढची. नोटीस येते, त्यात विमा कंपनीचेही नाव असते, आणि मालक म्हणतो, कंपनी पाहून घेईल. कंपनी खरोखर पाहून घेते, पण स्वतःचे. या टप्प्यावर कंपनी आणि मालक एकमेकांच्या विरुद्ध उभे असतात. मालक हजरच झाला नाही तर कंपनीचा ‘मालकाने जाणूनबुजून गाडी दिली’ हा आरोप कुणी खोडत नाही आणि वसुलीचा आदेश जवळजवळ न मागता मिळतो. मामांनी स्वतःचा वकील, स्वतःचा लेखी जबाब आणि स्वतःची साक्ष, तिन्ही द्यायला हवेत.

जबाब लिहिण्याआधी एक जुना कागद शोधून काढावा. २०२२ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पोलीस अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम ५० दिवसांत आणि सविस्तर ९० दिवसांत न्यायाधिकरणाला देतात. त्यासाठी मालकाकडून नमुना ४ तीस दिवसांत भरून घेतात. थान्यात घाईत भरलेल्या या नमुन्यात मामांनी लिहिले होते, ‘भाचा विचारून गाडी नेत असे.’ दोन वर्षांनी न्यायाधिकरणात ‘न विचारता नेली’ म्हटले की कंपनीचा वकील तोच कागद समोर ठेवतो. १९९अ च्या खटल्यातला जबाब, नमुना ४, स्कूटर सोडवण्यासाठी दिलेला सुपुर्दगीचा अर्ज आणि दाव्यातला लेखी जबाब, हे चारही कागद एका टेबलावर ठेवून मगच पुढचे वाक्य लिहावे.

वसुली

निकाल लागला. कंपनीने १०,७९,५८० रुपये भरले आणि त्याच न्यायाधिकरणात मामांविरुद्ध वसुलीचा अर्ज केला. वेगळा दिवाणी दावा लावावा लागत नाही. नंजप्पन प्रकरणाप्रमाणे (२००४) पैसे जखमीला सोडण्याआधी मालकाकडून तारण मागता येते, स्कूटरवर जप्तीही आणता येते. स्कूटरची किंमत रकमेपुढे नगण्य, म्हणून पुढचे पाऊल कलम १७४: न्यायाधिकरण कलेक्टरकडे दाखला पाठवते आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. दुकान, घराचा हिस्सा, बँकेतले खाते, सगळे त्यात येते. अपील कलम १७३ खाली उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात, ९० दिवसांत. त्यासाठी २५,००० रुपये किंवा रकमेचा अर्धा भाग, जे कमी असेल ते, आधी भरावे लागते. वसुलीची रक्कम हप्त्यांनी फेडण्याची परवानगी न्यायाधिकरणाकडे मागता येते. मागणी जितक्या लवकर आणि उत्पन्नाच्या कागदांसह होईल तितकी ती मान्य होण्याची शक्यता अधिक.

ही रक्कम मामांनी भाऊजींकडून मागायची का, हा कायद्याऐवजी घरचा प्रश्न होऊन बसतो. न्यायाधिकरणाचा वसुलीचा आदेश नोंदणीकृत मालकावरच असतो. वडिलांनी निम्मे देतो म्हटले तर ते लेखी घ्यावे.

स्कूटरच्या दुरुस्तीचा खर्च कुठल्याच विम्यातून येणार नाही. सर्वंकष पॉलिसी असती तरी विनापरवाना चालकामुळे तो दावा नाकारला जातो. मागे मित्र बसलेला असता आणि तो जखमी झाला असता तर फक्त थर्ड पार्टी पॉलिसीत त्याला संरक्षण नव्हते. टिळक सिंग प्रकरणानंतर (२००६) हे ठरलेले आहे, आणि मित्राच्या भरपाईचा पूर्ण बोजा थेट मामांवर आला असता, कंपनी आधी पैसेही देणार नव्हती. आणि मुलालाच मोठी इजा झाली असती तर? चूक त्याचीच, दुसरी मोटार अपघातात नाही. मामाची गाडी घेणारा मामाच्याच जागी उभा राहतो, म्हणून त्याच्या पॉलिसीवर तो बाहेरचा माणूस ठरत नाही. मालक-चालकासाठीचा १५ लाखांचा अपघात विमा वैध लायसन्स असलेल्या मालकापुरता आहे. मुलाच्या उपचाराचा खर्च वडिलांच्या वैद्यकीय पॉलिसीतून निघाला तर निघाला, तोही त्या पॉलिसीत कायदाभंगाबद्दलचे वगळणीचे कलम कसे लिहिले आहे त्यावर.